भाडे आणि ठेवी पत्नीच्या नावे केल्या तर कर खरोखरच वाचतो का?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. माझा वार्षिक पगार २८ लाख ७५ हजार आणि पत्नीचा ७ लाख ७५ हजार आहे. दोघेही नव्या करप्रणालीत आहोत. २०१२ मध्ये मी ४५ लाखांना घेतलेला फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावे आहे. त्याचे महिन्याला ३५ हजार भाडे येते आणि आजची किंमत अंदाजे ९५ लाख आहे. माझ्या नावे ३० लाखांच्या मुदतठेवी आहेत. राहत्या घराच्या कर्जाचे १८ लाख बाकी आहेत, व्याज ८.२५ टक्के, हप्ता सुमारे २८ हजार. पत्नीच्या आवर्ती ठेवीचे १२ लाख आता मिळाले आहेत. ते कर्जात भरावेत आणि फ्लॅट व माझ्या ठेवी बक्षीसपत्राने तिच्या नावे कराव्यात, असा विचार आहे. मागच्या नोव्हेंबरमध्ये ५ लाखांची एक ठेव तिच्या नावे केलीही आहे. थेट देणे चालत नसेल, तर आधी आईला देऊन आईने सुनेला दिले तर चालेल का? मडगावचे माझे मेहुणे भाडे नवरा-बायकोत निम्मे-निम्मे दाखवतात. मग आम्ही का नाही?

उत्तर : आपण मांडलेले आकडे कागदावर इतके नेमके जुळतात की हा मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे. आधी तोच हिशेब पूर्ण करून पाहू, म्हणजे आपण नेमके काय वाचवू पाहत आहात हे स्पष्ट होईल. भाड्याचे वर्षाचे ४ लाख २० हजार होतात. त्यातून महापालिकेचा मिळकतकर २० हजार भरला असे धरले, तर ४ लाख उरतात आणि त्यावर कायद्याने मिळणारी ३० टक्के वजावट घेतल्यावर करपात्र उत्पन्न २ लाख ८० हजार राहते. ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. ठेवींवर ७ टक्के व्याज धरले, तर ३० लाखांवर २ लाख १० हजार येतात. आपल्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावरही २८ लाख उरतात, म्हणजे पगारानेच आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात पोहोचला आहात. त्यामुळे भाडे आणि व्याज या दोन्हींवर आपल्याला उपकरासह ३१.२ टक्के दराने १ लाख ५२ हजार ८८० रुपये कर पडतो.

आपल्या पत्नीचे पगाराचे करपात्र उत्पन्न ७ लाख आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण करसवलत मिळत असल्याने तिला आज कर नाही. भाडे आणि व्याज तिचे मानले गेले, तर तिचे उत्पन्न ११ लाख ९० हजार होईल आणि तरीही कर शून्यच राहील. वर्षाला दीड लाखांची ही बचत खरी झाली असती, तर मी आपल्याला आजच निबंधक कार्यालयात जायला सांगितले असते. पण आयकर कायद्याने नेमकी हीच वाट अडवली आहे आणि ती बक्षीसपत्राने मोकळी होत नाही.

पती-पत्नींपैकी एकाने पुरेसा मोबदला न घेता दुसऱ्याला मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. १९६१ च्या कायद्यातील कलम ६४ ची ही तरतूद आहे. घराच्या बाबतीत कलम २७ आणखी स्पष्ट बोलते : घर जोडीदाराला बक्षीस दिले, तरी भाड्याच्या कराच्या दृष्टीने देणाराच मालक मानला जातो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत; नियमाचा गाभा मात्र तोच आहे.

बहुतेकांची गफलत होते ती येथे. पत्नीला पतीकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, हे खरे आहे. महाराष्ट्रात निवासी घर पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, हेही खरे आहे. परंतु पहिली सवलत भेट मिळण्याच्या क्षणापुरती आहे आणि दुसरी राज्य सरकारच्या शुल्कापुरती. भेटीतून पुढे दरवर्षी येणारे उत्पन्न कोणाचे, या प्रश्नाला या दोन्ही सवलती हातही लावत नाहीत. आपण फ्लॅट बक्षीस दिलात तर कायद्याने मालक पत्नी होईल, भाडे तिच्या खात्यात जमा होईल, आणि तरीही ते २ लाख ८० हजार आपल्याच विवरणपत्रात दाखवून ८७ हजार ३६० रुपये कर आपल्यालाच भरावा लागेल. पुढे तिने तो फ्लॅट विकला तर भांडवली नफाही आपल्याच उत्पन्नात येईल. विकून आलेल्या पैशांतून तिने दुसरे काही घेतले, तरी मालमत्तेचे रूप बदलल्याने हा नियम सुटत नाही.

नुसता भाडेकरार तिच्या नावे करून भाडे तिच्या खात्यात वळवणे तर आणखी कच्चे आहे. मालमत्ता आपल्याकडे ठेवून केवळ उत्पन्न दुसऱ्याला दिले, तर ते उत्पन्न आपलेच राहते, हे कलम ६० सांगते. फ्लॅटच्या कागदात तिचे नाव दुसरे लावले तरीही तेच. सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील, तर भाडे हिश्श्याप्रमाणे वेगवेगळे करपात्र होते, हे बरोबर आहे; पण तो हिस्सा तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेला असला पाहिजे. सोयीसाठी लावलेले नाव भाड्याचा वाटा तिकडे नेत नाही.

आईमार्फत देण्याबद्दल आपण विचारले आहे. ही वाट दोन ठिकाणी अडते. एक तर कायद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत आणि आधीपासून ठरवून फिरवलेली भेट न्यायालयांनी एकच व्यवहार म्हणून पाहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सी. एम. कोठारी प्रकरणात हेच सांगितले. मद्रासच्या त्या कुटुंबात वडिलांनी सुनेला आणि मुलाने आईला अशा उलटसुलट भेटी दिल्या आणि त्या पैशांतून स्त्रियांनी घर घेतले. न्यायालयाने त्या भेटी परस्परांशी जोडलेल्या असल्याचे मानले आणि नवऱ्यांनीच बायकांना अप्रत्यक्षपणे मालमत्ता दिल्याचे धरले. दुसरे असे की सासूने सुनेला दिलेल्या भेटीचे उत्पन्न सासूच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद स्वतंत्रपणे आहेच. आईला दिलेले पैसे आईकडेच राहिले, तर त्याचे व्याज मात्र आपल्या उत्पन्नात येत नाही, कारण आईवडिलांना दिलेल्या भेटींना हा नियम लागू नाही. आईला स्वतःच्या खर्चासाठी पैशांची खरोखर गरज असेल, तर तिच्या नावे ठेव करणे योग्य आहे. परंतु मग तो पैसा तिचा होतो आणि तिच्या पश्चात तिच्या सर्व वारसांचा होतो, हे मनाशी स्पष्ट असू द्यावे.

आपले मेहुणे चुकीचे वागत नाहीत. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेची पद्धत ज्या दाम्पत्याला लागू आहे, त्यांच्यासाठी आयकर कायद्यात कलम ५अ आहे. त्याप्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे भाडे, व्याज, भांडवली नफा, व्यवसायाचे उत्पन्न, पती-पत्नींमध्ये समसमान विभागून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवले जाते. ही सवलत मागून मिळत नाही आणि नाकारताही येत नाही. ती त्यांच्या विवाहाच्या मालमत्ता-कायद्याचा परिणाम आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथेही असेच आहे. आपल्या पुण्यातल्या दाम्पत्याला ती पद्धत लागू नाही, आणि फ्लॅट मडगावात घेतल्याने ती लागू होणारही नाही.

मग फ्लॅटचे काय करावे? फ्लॅटचा हिस्सा पत्नीने आपल्याकडून बाजारभावाने विकत घेतला, तर पुरेसा मोबदला दिला गेल्याने त्या हिश्श्याचे भाडे खरोखर तिचे होते. तिच्याकडे १२ लाख आहेत, म्हणजे ९५ लाखांच्या फ्लॅटचा साधारण साडेबारा टक्के हिस्सा. त्यावरचे करपात्र भाडे वर्षाला सुमारे ३५ हजार आणि त्यामुळे वाचणारा कर सुमारे ११ हजार. दुसऱ्या बाजूला आपल्याला त्या हिश्श्यावर सव्वासहा लाखांच्या आसपास दीर्घकालीन भांडवली नफा होईल. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्याय आहे आणि आपल्याला तोच स्वस्त पडतो, तरी उपकरासह जास्तीत जास्त २७ हजारांच्या आसपास कर पडू शकेल. विक्री म्हटल्यावर २०० रुपयांची सवलत नाही. पूर्ण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क लागेल, जे १२ लाखांवर ७० हजारांच्या पुढे जाईल. लाखभर खर्चून वर्षाला ११ हजार वाचवण्यात अर्थ नाही. म्हणून फ्लॅट आहे तसाच आपल्या नावे राहू द्या आणि त्याचे भाडे आपल्याच विवरणपत्रात दाखवत राहा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठेवी आणि कर्जाच्या बाबतीत मात्र आपल्याला बरेच काही करता येते, आणि तेही कोणतेही बक्षीसपत्र न करता. आपल्या योजनेतली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली, ती म्हणजे पत्नीचे १२ लाख कर्जात घालण्याची कल्पना. आपल्या घरात दोन प्रकारचे पैसे आहेत : एक, ज्यांच्या उत्पन्नावर ३१.२ टक्के कर पडतो, म्हणजे आपले. आणि दुसरे, ज्यांच्या उत्पन्नावर आज काहीच कर पडत नाही, म्हणजे तिचे. जे पैसे उत्पन्न मिळवत राहायला हवेत ते तिचे असावेत, आणि जे खर्चात किंवा कर्जफेडीत संपून जाणार आहेत ते आपले असावेत. आपण नेमके उलट करायला निघाला आहात.

कर्जाचा हिशेब करू. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही, म्हणून १८ लाखांवरचे ८.२५ टक्के व्याज, म्हणजे आजच्या बाकीवर वर्षाला १ लाख ४८ हजार ५०० रुपये, आपल्याला पूर्णपणे खिशातून जातात. त्याच वेळी आपल्या ३० लाखांच्या ठेवींपैकी १८ लाखांवर १ लाख २६ हजार व्याज येते, त्यातले ३९ हजार ३१२ करात जातात आणि हातात ८६ हजार ६८८ उरतात. म्हणजे ठेव आणि कर्ज दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आपण वर्षाला सुमारे ६२ हजार रुपये गमावत आहात, आणि तो तोटा पत्नीच्या नावे काही केल्याने भरून निघणार नाही. आपल्या ठेवींतून १८ लाख मोडून हे कर्ज संपवा. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेला घेता येत नाही; आपले कर्ज स्थिर दराचे असेल तर आधी करारपत्र पाहा. मुदतीआधी ठेव मोडताना बँक व्याज थोडे कापते, म्हणून ज्यांची मुदत संपत आली आहे त्या आधी वापरा आणि उरलेल्या त्या-त्या मुदतीला कर्जात भरा. दोन-चार महिन्यांच्या अंतराने फार बिघडत नाही.

जुन्या प्रणालीत गेल्यास कर्जाच्या व्याजाची वजावट मिळेल, असा विचार कदाचित आपल्या मनात येईल. आपल्या उत्पन्नाच्या पातळीवर जुनी प्रणाली फायद्याची ठरण्यासाठी प्रमाणित वजावटीसह साधारण साडेआठ लाखांच्या वजावटी लागतात. दीड लाखाचे व्याज आणि दीड लाखाची ८०सी एवढ्यावर तिथवर पोहोचता येत नाही. मोठा घरभाडे भत्ताही आपल्याला लागू नाही, कारण आपण स्वतःच्या घरात राहता.

कर्ज फिटले की आपल्याकडे १२ लाखांच्या ठेवी उरतात. दोन पगारांच्या घराला अडीअडचणीसाठी एवढी रक्कम पुरेशी आहे, असे मला वाटते. आणि महिन्याचा २८ हजारांचा हप्ता मोकळा होतो. याच पैशांवर पुढची गोष्ट उभी आहे.

आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक घरांत घडते तसे आपल्याकडेही पत्नीच्या पगारातून किराणा, मुलांचे शुल्क आणि घरकामाच्या मदतनिसांचे पगार जात असतील आणि आपल्या पगारातून हप्ते आणि गुंतवणूक होत असेल. तिच्या हातात महिन्याला ५८ हजारांच्या आसपास पडत असतील आणि त्यातले ४० हजार घरखर्चात जात असतील, असे धरून पुढचा हिशेब करतो. आपले खरे आकडे आपण घालून पाहावेत. पुढच्या महिन्यापासून हा सगळा घरखर्च आपल्या पगारातून करा. मोकळा झालेला हप्ता त्यातला बराच भार उचलेल. पत्नीचा पगार तिच्या एकटीच्या खात्यात येऊ द्या आणि त्यातले ते ४० हजार दर महिन्याला तिच्या नावे गुंतवा.

कायद्याला यात आक्षेप असण्याचे कारण नाही, कारण आपण तिला कोणतीही मालमत्ता दिलेली नाही. नवऱ्याने कुटुंबाचा खर्च करणे म्हणजे पत्नीला भेट देणे नव्हे, आणि ती जे गुंतवते आहे तो तिच्या स्वतःच्या श्रमाचा पैसा आहे. त्याचे उत्पन्न तिचेच. घराची एकूण बचत आहे तेवढीच राहते. फक्त ती कोणाच्या नावे साठते, ते बदलते.

वर्षाला ४ लाख ८० हजार याप्रमाणे पाच वर्षांत तिच्या नावे २४ लाख मुद्दल साठेल. आताचे १२ लाख धरून ३६ लाख. त्यावर ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २ लाख ५२ हजार. हेच व्याज आपल्या नावे आले असते, तर ७८ हजार ६२४ रुपये कर गेला असता. ही बचत पहिल्या वर्षी लहान असते आणि हळूहळू वाढत जाते, म्हणून ती बक्षीसपत्रासारखी आकर्षक वाटत नाही. पण चौकशी झाली तर टिकणारी हीच आहे.

मात्र येथेच एक अडचण आहे, आणि ती फारसे कोणी सांगत नाही. १२ लाखांपर्यंत शून्य कर याचा अर्थ १२ लाखांच्या पुढे थोडासा कर, असा नाही. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेले की करसवलत निघून जाते आणि ४ लाखांपासूनचा कर मोजला जातो. अगदी थोडे ओलांडले तर सीमांत सवलत मिळते, पण तिचे स्वरूप असे आहे की १२ लाखांच्या वरचा जवळपास प्रत्येक रुपया करातच जातो. १२ लाख ७० हजारांच्या उत्पन्नावर उपकर सोडून ७० हजार कर येतो. म्हणजे वरचे ७० हजार मिळवले आणि सगळे दिले.

आपल्या पत्नीचा पगार दरवर्षी ८ टक्के वाढला, तर पाच वर्षांनी तो ११ लाख ३९ हजारांच्या आसपास जाईल आणि प्रमाणित वजावटीनंतर १० लाख ६४ हजार उरतील. त्यात २ लाख ५२ हजारांचे व्याज मिळवले की १३ लाख १६ हजार होतात, आणि आजच्या दरांनी कर सुमारे ८० हजार ५०० रुपये येतो. पगारावर एकटीला शून्य कर होता. म्हणजे हे साडेऐंशी हजार केवळ त्या व्याजामुळे आले. आपल्या नावे तेच व्याज असते तर ७८ हजार ६२४ गेले असते. त्या वर्षी सारी विभागणी करून हाती काहीच लागत नाही, उलट हजार-दोन हजारांचा तोटाच आहे. पुढे तिचा पगारच १२ लाख ७० हजार करपात्र उत्पन्नाच्या पलीकडे गेला, की ही पायरी मागे पडते आणि १६ लाखांपर्यंतच्या प्रत्येक वाढीव रुपयावर तिला उपकरासह १५.६ टक्के आणि आपल्याला ३१.२ टक्के असा फरक पुन्हा उपयोगी पडू लागतो. धोका आहे तो मधल्या दोन-तीन वर्षांचा.

म्हणून तिची सगळी बचत दरवर्षी व्याज देणाऱ्या ठेवींत घालू नका. पहिली तीन वर्षे ठेवी ठीक आहेत, कारण १२ लाखांपर्यंत बरीच जागा आहे. तिच्या करपात्र उत्पन्नाने साडेदहा लाख गाठले, की नवी रक्कम अशा ठिकाणी जायला हवी जिथे उत्पन्न दरवर्षी मोजले जात नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हे पहिले ठिकाण : वर्षाला दीड लाखांपर्यंत, आणि व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त. म्युच्युअल फंडांच्या ग्रोथ पर्यायात विक्री करेपर्यंत उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे कोणत्या वर्षी नफा घ्यायचा हे तिच्या हातात राहते. फेब्रुवारी महिन्यात दरवर्षी एकदा तिचा त्या वर्षाचा अंदाजे पगार आणि व्याज कागदावर मांडून १२ लाखांपासून किती अंतर आहे, ते पाहावे. मार्च संपल्यावर काही बदलता येत नाही.

शेअर आणि इक्विटी फंडांबाबत एक फरक लक्षात ठेवा. त्यांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत प्रत्येकाला सूट आहे आणि त्यापुढे आपल्यालाही तिलाही १२.५ टक्के असाच दर आहे. १२ लाखांची करसवलत या नफ्यावरच्या कराला लागत नाही, आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे की नाही हे मोजताना मात्र तो नफा धरला जातो. त्यामुळे इक्विटीचा मोठा हिस्सा आपल्या नावे आणि ठेवींचा मोठा हिस्सा तिच्या नावे, ही मांडणी आपल्या दोघांच्या उत्पन्नांना साजेशी आहे. तिच्या नावे इक्विटी असू नये असे नाही. तिच्या निवृत्तीसाठी ती असावीच, फक्त नफा काढताना वर्ष पाहून काढावा.

या मांडणीत पैसा खरोखर तिचा होतो, हे आपण दोघांनी बसून बोललेले बरे. ठेवीच्या पावत्या, पासवर्ड, नामनिर्देशन, मुदत संपल्यावर काय करायचे, हे तिचे निर्णय असतील. पत्नीच्या नावे लाखो रुपये असतात आणि तिला त्यांची कल्पनाही नसते, अशी घरे मी पाहिली आहेत, आणि मला ते कराच्या दृष्टीनेही अयोग्य वाटते : सर्व सही-व्यवहार नवरा करतो आणि पैसाही नवऱ्याच्या खात्यातून आला आहे असे दिसले, तर अधिकारी ते उत्पन्न नवऱ्याचेच धरणार. फ्लॅट तिच्या नावे करण्यामागे तिला घराची सुरक्षितता देण्याची इच्छा असेल, तर ते कारण पूर्णपणे योग्य आहे आणि त्यासाठी बक्षीसपत्र जरूर करा. पण भाड्याचा कर आपणच भरणार हे धरूनच करा. तेवढ्यासाठी मृत्युपत्रही पुरते, आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेचे भाडे पुढे तिचेच असते.

आता राहिली नोव्हेंबरमधली ५ लाखांची ठेव. ती परत घेण्याची गरज नाही, पण तिचे व्याज आपले आहे. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे ७ टक्क्यांनी सुमारे १४ हजार ६०० रुपये होतात. ठेवीचे व्याज मुदतीअखेर मिळणार असले, तरी त्या वर्षात साठलेले व्याज दाखवावे. आपल्या २०२५-२६ च्या विवरणपत्रात SPI नावाचे परिशिष्ट आहे. तेथे पत्नीचे नाव, पॅन आणि ही रक्कम भरली की ते व्याज आपल्या उत्पन्नात मिळते. तिच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, हे व्याज तिच्या नावे दिसेलच, म्हणून बँकेचे ठेवपत्र आणि आपल्या खात्यातून तिच्या खात्यात गेलेल्या ५ लाखांची नोंद एकत्र जपून ठेवा. हे व्याज कुठेच न दाखवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही : उत्पन्न कमी दाखवल्यास करावर ५० टक्के आणि माहिती चुकीची देऊन लपवल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे.

ही ठेव तिच्या स्वतःच्या १२ लाखांत मिसळू देऊ नका. वेगळे खाते आणि वेगळी पावती ठेवा. मिसळल्यावर कोणते व्याज कोणाचे, हे पाच वर्षांनी आपल्यालाच सांगता येणार नाही. या ५ लाखांचे व्याज वेगळ्या खात्यात साठवून तिने पुन्हा गुंतवले, तर त्या व्याजावरचे व्याज मात्र तिचे असते, कारण नियम आपण दिलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नापुरता आहे, उत्पन्नाच्या उत्पन्नाला तो लागत नाही. आणि मुदत संपली, की या ५ लाखांतून दरवर्षी दीड लाख तिच्या पीपीएफ खात्यात भरत जा. तेथेही व्याज नियमाने आपल्याच उत्पन्नात धरले जाईल, पण ते मुळातच करमुक्त असल्याने कर शून्य राहील. तिच्या खात्याची दीड लाखांची मर्यादा आपल्या खात्यापेक्षा वेगळी आहे, त्यामुळे तीन वर्षांत साडेचार लाख तेथे जातील आणि उरलेले ५० हजार चौथ्या वर्षी. आपल्या सध्याच्या मालमत्तेपैकी तिच्या नावे देऊन करात खरोखर फायदा होईल अशी मला दिसलेली हीच एक रक्कम आहे.